दुखतं ते आणि वाहतं ते

मराठी माणसाच्या बोलण्यात कमरेखालच्या एका विशिष्ट जागेच्या सगळ्या दुखण्यांना एकच नाव आहे, मूळव्याध. तिथे खाज सुटली की मूळव्याध, आग झाली की मूळव्याध, हाताला काही लागलं की मोड आला, म्हणजे मूळव्याध, आणि लाल रक्त दिसलं की मग शंकाच नको. नाशिकच्या एस. टी. स्टँडपासून जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारगावापर्यंत जा, ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – ऑपरेशनशिवाय’ अशी पाटी कुठे ना कुठे दिसतेच. पाटीवर नावं तीन असली तरी आत जाणारा माणूस सांगतो ते एकच, ‘डॉक्टर, मूळव्याध आहे.’ बहुतेक वेळा निदान रुग्णानंच केलेलं असतं आणि औषधांच्या दुकानात तर ते कुणी तपासूनही पाहत नाही.

गंमत अशी की आपल्या जुन्या वैद्यांकडे या दुखण्यांसाठी वेगवेगळे शब्द होते. मूळव्याधीला ते अर्श म्हणत. सुश्रुतानं अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. पण आयुर्वेदात परिकर्तिका असाही एक शब्द आहे. कर्तन म्हणजे कापणं; आपलं ‘कातरणं’ त्याच घराण्यातलं. गुदाशी कातरल्यासारखी वेदना होते ती परिकर्तिका. आज सर्जन ज्याला फिशर म्हणतात त्याचं याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण. पंचवटीतल्या आयुर्वेद महाविद्यालयात हा शब्द विद्यार्थी आजही शिकतात, पण घराघरांतून तो केव्हाच गेला. अर्शाचं मूळव्याध झालं आणि परिकर्तिकेचं काहीच झालं नाही. त्यामुळे कातरणारं दुखणं घेऊन माणूस वाहणाऱ्या दुखण्याचं औषध मागतो, आणि महिनोन्‌महिने चुकीच्या रस्त्यानं चालत राहतो.

दोन्हींतला फरक समजायला शरीराची थोडी माहिती हवी, फार नको. शौचाच्या वाटेचा शेवटचा तीन-चार सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदनलिका. तिच्या साधारण मध्यावर एक नागमोडी रेषा असते. त्या रेषेच्या वर आतड्याचं अस्तर आहे आणि खाली त्वचेच्या जातीचं. वरच्या भागाला ताण कळतो, दडपण कळतं, पण कापलेलं, टोचलेलं कळत नाही. रेषेखालच्या भागाला मात्र बोटाच्या शेंड्याइतकी तीव्र जाणीव असते. मूळव्याध बहुधा रेषेच्या वर असते, फिशर नेहमी खाली. एक न दुखता वाहते आणि दुसरं जीव जाईल असं दुखतं, याचं कारण एवढंच आहे.

आधी मूळव्याध. रेषेच्या वर, अस्तराखाली, रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या प्रत्येकाला असतात. तुम्हाला, मला, तान्ह्या बाळालासुद्धा. नळाच्या वॉशरसारखं त्यांचं काम. तोंड घट्ट मिटावं, वायू किंवा पातळ मळ आपोआप बाहेर येऊ नये, म्हणून त्या आहेत. १९७५ साली थॉमसन या ब्रिटिश सर्जननं हे नीट दाखवून दिलं, तोवर त्यांना फुगलेल्या शिरा समजत असत. वर्षानुवर्षं कुंथल्यानं, संडासात तासभर बसून राहण्याच्या सवयीनं, बायकांमध्ये गरोदरपणातल्या दाबानं, या गाद्यांना धरून ठेवणारे धागे सैल होतात आणि गाद्या खाली घसरतात. घसरलेली गादी घट्ट मळानं खरचटली की रक्त येतं. ते लालभडक असतं, कारण तिथल्या गाद्यांत धमन्यांचं ताजं रक्त खेळत असतं. मळ निघून गेल्यावर थेंब थेंब, कधी पिचकारीसारखी बारीक धार भांड्यावर उडते. सगळं भांडं लाल झालेलं पाहून माणूस हादरतो, पण त्याला विचारलं, ‘दुखतं का?’ तर उत्तर येतं, ‘दुखत नाही हो, तेच तर नवल.’ आजार वाढत गेला की मोड बाहेर येतो. आधी आपोआप आत जातो, मग बोटानं सारावा लागतो, आणि शेवटी आत जातच नाही. अशा बाहेर राहणाऱ्या मोडामुळे ओलसरपणा राहतो आणि त्यानं खाज सुटते.

न दुखण्यात एक धोका आहे, आणि तो बायकांच्या वाट्याला जास्त येतो. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या काकूंना दोन जिने चढले की धाप लागे. चेहरा पांढराफटक. वय होत चाललं, पाळीचा त्रास, उपास फार, अशी घरातल्या प्रत्येकानं आपापली कारणं दिली. एकदा हिमोग्लोबिन पाहिलं तर ते सातच्या खाली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आकडा थोडा वर आला, पुन्हा खाली गेला. शेवटी एका बाई डॉक्टरांनी दार लावून विचारलं, ‘संडासला रक्त जातं का?’ जात होतं. तीन वर्षं, आठवड्यातून दोनतीनदा. दुखत नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं; आणि सांगायचं तरी कुणाला, घरात सासरे, दीर, मोठी मुलं. पाळीच्या रक्ताआड हे रक्त लपून राहिलं. इतकी रक्तहानी झाली की मूळव्याध दिसली तरी डॉक्टर वरचं आतडं तपासल्याशिवाय थांबत नाहीत, आणि ते योग्यच आहे. काकूंच्या आतड्यात दुसरं काही निघालं नाही. मोडाच्या मुळाशी छोटं रबरी कडं बसवलं, दोन खेपांना. मोड वाळून आठवड्याभरात गळून पडला. हे कडं रेषेच्या वर बसवतात म्हणून भूल लागत नाही. रेषेच्या खाली चुकून बसलं, तर रुग्ण त्याच क्षणी ओरडतो. डॉक्टरचा हात बरोबर जागी पडला की नाही, याची ती खूणच म्हणायची.

आता फिशर. इथे मी माझ्या एका मित्राची हकिगत सांगतो. त्याच्या परवानगीनं, नावाशिवाय. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय त्रेसष्ट, रोज सकाळी गोदाकाठी फिरणारा माणूस. मुलाकडे न्यू जर्सीला तीन महिने राहायला गेला. लांबचा विमानप्रवास, पाणी बेताचं, तिथे पाव-चीज-पास्ता. चौथ्या दिवशी दगडासारखी शौचाला झाली आणि आत काचेनं चिरल्यासारखं झालं. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं कागद पाहिला. कागदावर लालभडक रेघ होती.

हा कागदाचा मुद्दा लहान नाही. आपण पाण्यानं धुणारी माणसं. थोडंसं रक्त पाण्याबरोबर वाहून जातं, भांड्यात पाणी पडलं की उरलंसुरलंही निघून जातं. त्यामुळे कितीतरी लोकांना आपल्याला रक्त जातं हेच कळत नाही. परदेशी मुलांकडे गेलेल्या आईवडलांना हा साक्षात्कार तिथल्या कागदावर होतो, आणि डॉक्टरी खर्चाच्या भीतीनं ते तिथे गप्प बसतात. माझा मित्रही बसला. घरी ज्यांना संशय असेल त्यांनी धुण्याआधी एकदा ओला पांढरा कागद किंवा कापसाचा बोळा टिपून पाहावा. कागदावर रेघ की भांड्यात थेंब, एवढी माहितीसुद्धा डॉक्टरला उपयोगी पडते.

मित्राच्या दुखण्याचं एक घड्याळ होतं. शौचाच्या वेळी चिरल्यासारखं होई. मग पाच-दहा मिनिटं जरा बरं वाटे. आणि त्यानंतर खरी वेदना सुरू होई. आग, ठणका, आवळल्यासारखं. सातला शौचाला गेला की साडेनऊपर्यंत खुर्चीत बसणं नाही. पेपर तो उभ्यानं वाची. दुपारी पुन्हा माणूस ठणठणीत. हे घड्याळ जवळजवळ फक्त फिशरचंच असतं. आतली चीर उघडी पडली की गुदाचा आतला स्नायू, जो आपल्या इच्छेनं चालत नाही, तो आकडी आल्यासारखा आवळतो आणि तासन्‌तास सुटत नाही. ती नंतरची वेदना जखमेची नसते, आवळलेल्या स्नायूची असते.

आणि इथेच या आजाराचं मर्म आहे. बोट कापलं तर आठ दिवसांत भरतं; मग ही अर्ध्या इंचाची चीर महिनोन्‌महिने का भरत नाही? रोज मळ लागतो म्हणून, असं आपल्याला वाटतं. ते खरं कारण नव्हे. गुदाचं अस्तर एरवी झटपट भरून येणारं आहे. पण आवळलेला स्नायू त्या जागेचा रक्तपुरवठा दाबून टाकतो, आणि पाठीच्या बाजूला, माकडहाडाकडे, तो मुळातच कमी असतो. म्हणून बहुतेक फिशर नेमके तिथेच, मागच्या मध्यरेषेवर होतात. रक्त नाही तर जखम भरत नाही, जखम भरत नाही तर दुखतं, दुखतं म्हणून स्नायू आणखी आवळतो. त्यात माणूस शौचाच्या भीतीनं शौच टाळतो, मळ आणखी सुकतो आणि चीर पुन्हा फाटते. माझ्या मित्रानं तर जेवणच अर्धं केलं, म्हणजे जायला कमी लागेल! त्यानं मळ कमी झाला, पण खड्यासारखा झाला.

परत आल्यावर तो औषधांच्या दुकानात गेला आणि अर्थातच म्हणाला, ‘मूळव्याधीचं मलम द्या.’ मिळालं. त्यात बधिर करणारं औषध असतं, त्यामुळे अर्धा तास बरं वाटे, आणि बरं वाटे म्हणून मूळव्याधच आहे ही खात्री पक्की होई. त्यातल्या काही मलमांत स्टिरॉइडही असतं. आठवड्याहून जास्त लावत राहिलं तर तिथली कातडी पातळ होते. आकडीवर मात्र त्याचा काही इलाज चालत नाही. शिवाय धुताना त्याच्या बोटाला बाहेर एक मऊ चामखिळीसारखं लागू लागलं होतं. ‘मोड आला,’ असं मला सांगताना त्याच्या आवाजात शंका अजिबात नव्हती.

तो मोड मूळव्याधीचा नव्हता. फिशर सहा-आठ आठवड्यांहून जुना झाला की चिरेच्या बाहेरच्या टोकाशी कातडी सुजून तिचा एक कोंब तयार होतो. सर्जन लोक त्याला पहारेकरी म्हणतात. तो दाराशी उभा आहे, म्हणजे आत चीर आहे असं समजायचं. दोन्हींत फरक असा, की मूळव्याधीचा मोड आतून येतो, वरून लालसर ओला असतो आणि निदान सुरुवातीला आत जातो. पहारेकरी कातडीच्या रंगाचा असतो, कायम बाहेर असतो आणि ढकलून आत जात नाही. पाटीवाल्यांकडे सर्वांत मोठा घोटाळा होतो तो याच कोंबाचा. मोड म्हणून तो कापतात, बांधतात, जाळतात, त्यात कसलं तरी इंजेक्शन देतात. पहारेकरी गेला, चीर होती तिथेच राहिली, आणि वर नवी जखम. अशा दाहक इंजेक्शनानं गुदाचं तोंड आक्रसून पेन्सिलीएवढं झालेले, किंवा उलट मळ थोपवून धरण्याची ताकदच गेलेले रुग्ण पुढे मोठ्या रुग्णालयांत येतात. नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी पाटी टिकते, कारण या दुखण्याचा फसलेला रुग्ण तक्रार करायला लाजतो. पाटीवाल्याचं खरं भांडवल ती लाज आहे.

तीन महिन्यांनी मित्र एकदाचा सर्जनकडे गेला. सर्जननं त्याला कुशीवर झोपवलं, दोन्ही कुल्ले हलकेच बाजूला केले आणि नुसतं पाहिलं. चीर दिसली, मागच्या मध्यरेषेवर, कडा जाड झालेल्या. त्या दिवशी बोट घातलं नाही, दुर्बीण नाही. ‘काका, आज बोट घातलं तर तुम्ही पुन्हा माझ्या दारात येणार नाही, दुखणं थांबलं की आत पाहू,’ असं सांगितलं. जाणता डॉक्टर असाच वागतो. चीर मध्यरेषेवर नसून बाजूला असती, तर मात्र क्षयापासून आतड्याच्या जुनाट सुजेपर्यंत बऱ्याच गोष्टींचा शोध घ्यावा लागला असता.

औषधांत नवल काही नव्हतं. रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात आणि वर आणखी पेलाभर पाणी. कोरडा किंवा घोटभर पाण्यात घेतला तर इसबगोल उलट अडतो. शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं टबात कोमट पाण्यात बसायचं. पाणी नुसतं; त्यात मीठ, डेटॉल, तुरटी काही नको, त्यानं आग वाढते. कोमट पाण्यात आवळलेला स्नायू सैल पडतो, एवढंच त्याचं काम. आणि एक मलम, डिल्टियाझेमचं, वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा बोटानं गुदाच्या कडेला. मित्रानं डबीवरचं नाव वाचलं आणि मला फोन केला, ‘अरे, हे तर माझ्या भावाला हृदयासाठी देतात!’ बरोबर आहे. रक्तदाबावर, हृदयविकारावर ते औषध पोटात देतात, कारण ते रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतं. गुदाचा आतला स्नायूही त्याच जातीचा. १९९० च्या दशकात डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं आणि आधी नायट्रोग्लिसरीनचं मलम वापरात आलं; म्हणजे हृदयरुग्ण जिभेखाली ठेवतात त्या सॉर्बिट्रेटचा भाऊबंद. त्यानं फिशर भरे, पण डोकं भयंकर दुखे, म्हणून आपल्याकडे आता डिल्टियाझेम अधिक चालतं. त्याआधी महिनोन्‌महिने न भरणाऱ्या चिरेला शस्त्रक्रिया हाच खात्रीचा मार्ग होता.

दहाव्या दिवसापासून वेदना ओसरली. तिसऱ्या आठवड्यात मित्रानं सगळं बंद केलं; दुखत नाही तर औषध कशाला! धुळ्याला एका लग्नाला गेला, दोन दिवस मैद्याचं खाणं, पाणी कमी, आणि चीर पुन्हा फाटली. वेदना थांबणं आणि चीर भरणं यांत चांगले पाच-सहा आठवडे जातात, हे त्याला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून आठ आठवडे. या वेळी मात्र भरली. भरली नसती, तर आतल्या स्नायूचा एक छोटासा भाग छेदून तो कायमचा सैल करण्याची शस्त्रक्रिया होती. ती फार यशस्वी आहे, पण काही जणांना नंतर वायू थोपवणं जमत नाही, म्हणून सर्जन ती शेवटी ठेवतात, आणि बाळंतपणं झालेल्या बायकांच्या बाबतीत तर दहादा विचार करतात.

नाशिककर मला पहिला प्रश्न विचारतील, ‘मिसळीचं काय?’ मिसळीनं मूळव्याध होते याला आधार नाही. मटकीत तर भरपूर चोथा असतो. पण तर्रीतल्या मिरचीचा झणझणीतपणा पुरता पचत नाही, तो शेवटपर्यंत टिकतो, आणि रेषेखालच्या उघड्या चिरेला तो लागला की काय होतं ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. चीर भरेपर्यंत तर्री बंद, मटकी खा. द्राक्षाचाही इथे संबंध आहे, पण वेगळा. कधी कधी गुदाच्या कडेला एकाएकी काळ्या द्राक्षाएवढी निळसर, टणक, दुखरी गाठ येते. त्वचेखालच्या शिरेत रक्त गोठल्यानं ती होते. मूळव्याध दुखत नाही या नियमाला हा अपवाद. पहिल्या दोन-तीन दिवसांत गेलात तर डॉक्टर छोटी चीर देऊन ती काढतात. नाहीतर आठ-पंधरा दिवसांत ती आपोआप विरते. मात्र गाठीबरोबर ताप आणि ठसठस असेल, तर तो पू असू शकतो, आणि त्याला एक दिवसही थांबायचं नसतं.

नुसत्या खाजेवरून निदान करू नये. मोडाच्या ओलाव्यानं खाज येते, भरत आलेल्या चिरेनं येते, मधुमेह्यांना बुरशीनं येते, लहान मुलांना रात्री येते ती बहुधा जंतांनी. आणि फार स्वच्छ माणसांना येते ती साबणानं घासघासून. या शेवटच्यांना औषध म्हणजे साबण बंद करणं.

राहिला एक प्रश्न, जो मित्रानं सर्जनला विचारला नाही, सर्जननंच काढला. रक्त फिशरचंच होतं हे कशावरून? लाल रक्त, ठरावीक वेळेची वेदना, डोळ्यांना दिसलेली चीर, एवढं जुळलं तरी वय त्रेसष्ट होतं. मूळव्याध किंवा फिशर असलेल्या माणसाला आतड्याचा कर्करोग होत नाही असा काही करार नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि ‘जुनी मूळव्याध आहे’ या एका वाक्याखाली कितीतरी कर्करोग वर्षवर्ष झाकले जातात. रक्त काळपट असणं, मळात मिसळून येणं, बरोबर शेंबडासारखी आव असणं, अनेक वर्षांची शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलणं, जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटत राहणं, वजन किंवा हिमोग्लोबिन घटणं, घरात कुणाला हा रोग झालेला असणं, यांतलं एकही असेल तर वय कितीही असो, आत पाहायलाच हवं. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं तर यांतलं काही नसलं तरी पाहावं. गुदाशयाचे बरेच कर्करोग नुसत्या बोटाला लागतात. हातमोजा, थोडी जेली आणि अर्धा मिनिट. वेदना नसताना जो डॉक्टर हे न करता मूळव्याधीची चिठ्ठी लिहितो, त्याच्या चिठ्ठीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

चीर भरल्यावर मित्राची दुर्बिणीनं तपासणी झाली. डाव्या बाजूच्या आतड्यात वाटाण्याएवढा एक कोंब निघाला. साधा, पण पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या जातीचा. त्याच बैठकीत काढून टाकला. त्यातून रक्त येत नव्हतं. रक्त चिरेचंच होतं; कोंब केवळ तिच्या निमित्तानं सापडला. बाहेरचा पहारेकरी मात्र अजून आहे. ‘काढायचा का?’ असं मित्रानं विचारलं, तर सर्जन म्हणाले, ‘त्रास देत नसेल तर राहू दे, काका.’ राहिला आहे. परवा गोदाकाठी भेटला तेव्हा मी विचारलं, तब्येत कशी? म्हणाला, ‘उत्तम. मूळव्याध पार बरी झाली.’